कागदावर १.१, कडेला ०.९४

प्रश्न: लिथियम-आयन सेलमध्ये ॲनोडची क्षमता कॅथोडपेक्षा थोडी जास्त का ठेवतात? दोन्ही सारख्या ठेवल्या तर ग्राफाइट वाचणार नाही का? आणि नेमका रेशो किती धरायचा?

ग्राफाइट वाचेल, सेल जाईल. हेच वाक्य मी एकदा मीटिंगमध्ये बोललो होतो, आणि आमचे प्रॉडक्शनचे साहेब त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी फक्त ईमेलवर बोलत होते. म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

चार्जिंगच्या वेळी कॅथोडमधून निघालेल्या लिथियमला ग्राफाइटच्या थरांत जागा उरली नाही, की ते ॲनोडच्या पृष्ठभागावर धातू होऊन बसतं. त्यालाच प्लेटिंग म्हणतात. एवढं तुम्ही वाचलेलं असणारच. खरी गोम त्यापुढे आहे: हे चालू असताना चार्जरला त्याचा पत्ता लागत नाही. चार्जर दोन इलेक्ट्रोडमधला व्होल्टेजचा फरक तेवढा बघतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपी कॅथोड लिथियम धातूच्या तुलनेत साधारण ३.४५ व्होल्टवर सपाट चालतो आणि रिकामा होत आला की झपकन वर चढतो. ही चढण दिसली की सेल ३.६५ व्होल्टला पोचतो आणि चार्जर थांबतो. ग्राफाइट मात्र भरत आलं तरी ०.०८ व्होल्टच्या आसपास असतं आणि पूर्ण भरलं की शून्याकडे घसरतं. म्हणजे इशारा मिळतो तो फार तर ८० मिलिव्होल्टचा. शून्याच्या किंचित खाली प्लेटिंग सुरू झालं की व्होल्टेज पुन्हा सपाट होतं आणि चार्जर निवांत करंट ढकलत राहतो.

म्हणून कॅथोड आधी संपायला हवा आणि ॲनोडमध्ये जागा शिल्लक राहायला हवी. जो इलेक्ट्रोड संपताना ओरडतो त्याच्यावर चार्जिंगचा शेवट सोपवायचा, जो गुपचूप मरतो त्याच्यावर नाही. ॲनोड मोठा ठेवण्यामागचं माझ्या मते हेच मुख्य कारण आहे, बाकीची कारणं याच्या मागून येतात.

आता आमची गोष्ट. पुण्याजवळ एका छोट्या पायलट लाइनवर आम्ही एलएफपीचे पाउच सेल बनवत होतो. डिझाइन माझंच. कॅथोडचं लोडिंग, म्हणजे फॉइलवरच्या कोटिंगचं वजन, एका बाजूला १४ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, त्यात ९५ टक्के एलएफपी, ग्रॅममागे १६० मिलिअँपिअर-तास. म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.१३ मिलिअँपिअर-तास. ॲनोडचं लोडिंग ७ मिलिग्रॅम, त्यात ९५.५ टक्के ग्राफाइट, ग्रॅममागे ३५०; म्हणजे २.३४. भागाकार १.१०. कोटिंगमध्ये दोन्हीकडे दोन टक्क्यांची चूक उलट दिशांना झाली, म्हणजे कॅथोड जाड आणि ॲनोड पातळ आला, तरी १.०५ च्या वर राहतो. चार टक्क्यांची झाली तर १.०१ वर येतो, तिथे मला झोप लागत नाही. पण क्यूसीचे आकडे दोन टक्क्यांच्या आत होते, त्यामुळे सगळे खूश.

सेल खोलीच्या तापमानाला छान चालले. १० अंशांवर एक-सीने, म्हणजे तासाभरात सेल भरेल एवढ्या करंटने, चार्ज करायला लागलो तशी क्षमता दर सायकलला थोडी थोडी कमी होऊ लागली. चार्ज संपवून सेल नुसता ठेवला की व्होल्टेज गुळगुळीत खाली यायला हवं. इथे ते मध्येच थबकायचं, छोटासा खांदा दिसायचा आणि मग पुढे उतरायचं. पृष्ठभागावर बसलेलं धातूचं लिथियम विश्रांतीत हळूहळू ग्राफाइटमध्ये शिरतं, तोपर्यंत ॲनोडचं व्होल्टेज शून्याजवळ अडकून राहतं. त्याचीच ती खूण. सेल न फोडता प्लेटिंग ओळखायची याहून स्वस्त पद्धत मला माहीत नाही. चार्जनंतरचे पहिले काही तास बारीक नोंदवा आणि व्होल्टेज बदलण्याच्या वेगाचा आलेख काढा, खांद्याच्या जागी शिखर दिसेल.

साहेबांचं निदान तयारच होतं: "इलेक्ट्रोलाइट थंडीत घट्ट होतो हो, त्याला डिझाइन काय करणार?" त्यात तथ्य होतं. थंडीत लिथियम ग्राफाइटमध्ये सावकाश शिरतं, त्यामुळे प्लेटिंगचा धोका वाढतोच. पण तेवढंच कारण असतं तर डाग सगळीकडे पसरले असते. चार्ज केलेला सेल आम्ही ग्लोव्ह बॉक्समध्ये उघडला. पूर्ण भरलेलं ग्राफाइट सोनेरी दिसतं, तसं ते बहुतेक भागात होतं. फक्त टॅबच्या, म्हणजे करंट बाहेर नेणाऱ्या पट्टीच्या बाजूला, कडेला समांतर, एक करडी-रुपेरी पट्टी होती. एकाच सेलमध्ये नाही, एकाच बाजूला प्रत्येक थरावर.

स्लॉट-डायने, म्हणजे बारीक फटीतून स्लरीचा ओला लेप फॉइलवर सोडत, कोटिंग करताना कडा मधल्या भागासारख्या येत नाहीत. स्लरी किती घट्ट आहे आणि ती फट ठरवणारी शिम कशी कापली आहे यावर कुठे कडेला उंच वळकटी येते, तर कुठे कड उतरती होते. बाकीच्या बाजू कापताना निघून जातात. टॅबच्या बाजूला मात्र फॉइल कोरं सोडावं लागतं, त्यामुळे तिथली कोटिंगची मूळ कड सेलमध्ये जशीच्या तशी जाते. आमच्या कॅथोडला वळकटी होती आणि ॲनोड उतरता. ॲनोड चहूबाजूंनी दीड मिलिमीटर बाहेर ठेवलेला होता, पण उतार त्याहून बराच आत पोचत होता.

मी क्यूसीकडे कडेचे नमुने मागितले. उत्तर मिळालं की गोल पंच रोलच्या मधून, डावीकडून आणि उजवीकडून घेतला जातो, सरासरी बरोबर आहे. पंच कडेपासून किती आत घेता, हे विचारलं तर कोणी सांगेना. मग मी कडेला समांतर ३ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब पट्ट्या कापून तोलल्या. इथे एक धोका आहे. १० मायक्रॉन तांब्याचं फॉइल चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ९ मिलिग्रॅम भरतं, म्हणजे एका बाजूच्या ७ मिलिग्रॅम कोटिंगपेक्षा जास्त. फॉइलचं वजन कॅटलॉगमधून घेऊन वजा केलं आणि खरं फॉइल दोन टक्क्यांनी वेगळं निघालं, तर कोटिंगमध्ये अडीच टक्क्यांची चूक आलीच. त्याच रोलच्या कोऱ्या भागातून तेवढीच पट्टी कापून तीच वजा करायची.

कॅथोडच्या सीमेवर ॲनोडचं कोटिंग वजनात डिझाइनच्या ९० टक्के निघालं, समोरच्या कॅथोडचं १०५ टक्के. १.१० गुणिले ०.९०, भागिले १.०५: उत्तर ०.९४. पूर्ण सेलचा रेशो १.१० आणि त्या पट्टीत ०.९४, दोन्ही एकाच वेळी खरे. कारण लिथियम समोरासमोर जातं, बाजूला काही मिलिमीटर सरकायला त्याला फार वेळ लागतो. पंगतीत एकूण पानं पुरेशी असली म्हणून शेवटच्या रांगेत पान न मिळालेल्या माणसाचं पोट भरत नाही.

साहेबांनी यावर जो तोडगा काढला तो चुकीचा नव्हता, आळशी होता. ॲनोडचं लोडिंग वाढवा, सरासरी १.२० करा. कडेला मग १.०३ येतो, हे मान्य. पण संपूर्ण सेलमध्ये नऊ टक्के जादा ग्राफाइट कशासाठी, तर एका बारीक पट्टीसाठी! आणि ग्राफाइट नुसतं जागा अडवत नाही. पहिल्या चार्जला त्याच्या पृष्ठभागावर जो थर बनतो त्यात लिथियम कायमचं अडकतं, आमच्या ग्राफाइटमध्ये ग्रॅममागे सुमारे २८ मिलिअँपिअर-तास. हे लिथियम कॅथोडमधूनच येतं, दुसरीकडून येणार कुठून? हिशोब केला तर १.१० वरून १.२० वर गेल्याने सेलची क्षमता जवळजवळ एक टक्का घटते, वर जाडी वाढते ती वेगळी. माझं म्हणणं होतं की शिम बदला, आणि कॅथोडच्या त्या कडेवर वळकटीतलं लिथियम अडवणारा इन्सुलेशन थर द्या. शेवटी लाइन थांबवायला नको म्हणून लोडिंगच वाढवलं. मी सोडून गेल्यावर शिम बदलली, असं ऐकतो.

तर तुमच्या आकड्याबद्दल. ग्राफाइटसाठी लोक १.०५ ते १.१५ धरतात, फार तर १.२. पण हा आकडा दुसऱ्याच्या पेपरमधून उचलू नका, तो तुमच्या कोटरच्या चुकीतून निघतो. आधी सर्वांत वाईट जागेचा रेशो मोजा, तो १.०३ च्या वर राहील एवढी सरासरी ठेवा. आणि कोणती क्षमता भागता आहात ते लिहून ठेवा. निकेल, मँगनीज आणि कोबाल्टच्या कॅथोडचा, म्हणजे निकेलवाल्या एनएमसीचा पहिला चार्ज पुढच्या डिस्चार्जपेक्षा दहाएक टक्के जास्त असतो. एकाने पहिला चार्ज धरला आणि दुसऱ्याने डिस्चार्ज, तर दोघे तासभर भांडतील आणि दोघांचा सेल एकच असेल. भांडण मी पाहिलंय.

काही गोष्टी राहिल्या. थंडीत किंवा फास्ट चार्जिंगमध्ये १.२ असूनही प्लेटिंग होऊ शकतं, कारण आतले कण रिकामे असताना सेपरेटरजवळचे भरून जातात. तिथे रेशोने काम भागत नाही, करंट कमी करावा लागतो. एनएमसीमध्ये ॲनोड फार मोठा केला तर ग्राफाइट अर्धवट भरलेलं राहतं, त्याचं व्होल्टेज थोडं वर राहतं, आणि सेल ४.२ ला थांबवला तरी कॅथोड तेवढाच जास्त ताणला जातो. कॅथोडच्या बाहेर ठेवलेल्या ॲनोडच्या कडेतही लिथियम हळूहळू झिरपतं, म्हणून भरून ठेवलेल्या सेलची क्षमता आधी घटलेली आणि मग काही सायकलींनंतर थोडी परतलेली दिसते. ते म्हातारपण समजू नका. आणि ॲनोड लिथियम टायटनेटचा असेल तर वरचं बरंचसं विसरा: तो १.५५ व्होल्टवर चालतो, प्लेटिंगपासून खूप लांब, आणि भरला की त्याचंही व्होल्टेज झपकन पडतं. तिथे ॲनोड मुद्दाम लहान ठेवणारे लोक आहेत आणि ते शहाणे आहेत.

तुम्ही स्वतः कोटिंग करत असाल तर तुमचा पंच कडेपासून किती मिलिमीटर आत पडतो ते आज जाऊन विचारा. "माहीत नाही" असं उत्तर आलं, तर पट्ट्या कापायची कात्री स्वतःच उचला.