मावशीच्या प्रोफाइलचा मसुदा वाचून

चि.,
अनेक आशीर्वाद.

मावशीला सोबत शोधायला म्हणून लिहिलेला प्रोफाइलचा मसुदा वाचला. 'घरगुती, सुगरण, मनमिळाऊ, तडजोडीची तयारी' हे पंचविशीतल्या मुलीच्या बायोडेटातून उचललंयस ना? रक्तगटसुद्धा आहे! साठीतला माणूस 'सुगरण' वाचतो आणि त्याला डबा दिसतो, वेळेवर गोळ्या हातात देणारी दिसते. वधुवर मंडळात असे फोन मी खूप घेतलेत. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला 'आईकडे बघायला कोणी नाही हो' येतंच.

मावशीला काय हवंय ते तूच मला फोनवर सांगितलंस. गडकरीला नाटक बघायला जाते, मध्यंतरात सगळे वडा खात बोलत असतात आणि ही पर्समधल्या वस्तू नीट लावत बसते. प्रोफाइल तिथून सुरू कर.

'लग्नाची घाई नाही' हे वाक्य मात्र काढ. वाचणारा त्याचा अर्थ 'दिवाळीनंतर बघू' असा लावतो आणि तिसऱ्या भेटीत बहिणीला घेऊन येतो. सरळ लिही:

'वय 56. यजमान जाऊन पाच वर्षं झाली. मुलगा मार्गी लागला आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी तलावपाळीला फेरी, महिन्यातून एखादं नाटक, त्यावर गप्पा, यासाठी सोबत हवी. निदान वर्षभर लग्नाची बोलणी नकोत. पुढचं दोघांनी मिळून ठरवू. ठाण्यातले किंवा जवळपासचे असावेत.'

यात 'एकटी राहते' मुद्दाम नाही. 'पेन्शन'ही नाही. यजमान खाजगी कंपनीत होते, त्यामुळे तिला कर्मचारी निवृत्तीवेतन योजना, 1995 खालचं विधवा पेन्शन मिळतं आणि पुनर्विवाह केला की ते थांबतं. म्हणजे तिच्या 'लग्न नको'मागे हिशेबही आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तो ओळख मुरल्यावर सांगायचा. पेन्शन आणि स्वतःचा फ्लॅट एका ओळीत आले की भलतीच माणसं जमतात.

उत्तरं आली की पहिला प्रश्न बघ. 'शेवटचं नाटक कुठलं पाहिलंत?' विचारणाऱ्याशी बोलायला हरकत नाही. 'फ्लॅट कोणाच्या नावावर?' विचारणाऱ्याला सोड. चार दिवसांत 'तुमच्यासाठी परदेशातून भेट पाठवली, ती कस्टममध्ये अडकली, थोडे पैसे भरा' असं कोणी म्हणालं तर एक रुपयाही द्यायचा नाही. पैसे गेलेच तर तडक सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन.

पहिली भेट तलावपाळीलाच, सहा वाजता, गर्दीत. जाता-येता रिक्षा तिची तिने करायची. त्यांनी घरापर्यंत सोडायला यायचं नाही, कितीही सज्जन वाटले तरी.

आणि तो गॅलरीतला फोटो बदल. छान आलाय, पण मागे सोसायटीची पाटी स्पष्ट वाचता येते.

तुझी,
काकू