कांद्याचा भाव बघायचा तर ‘सर्वसाधारण दर’ बघा

प्रश्न: सोलापूरजवळ तीन एकर शेती आहे. फोन साधा आहे, जागा कमी. हवामान, बाजारभाव आणि पीक सल्ल्यासाठी कोणतं एकच ॲप ठेवू?

हवामानासाठी ‘मेघदूत’ ठेवा. ते हवामान खात्याचं आहे, मराठीत चालतं. भावासाठी वेगळं ॲप नको, ब्राउझरमध्ये पणन मंडळाचं msamb.com उघडा. पण भाव वाचायचा कसा हे आधी समजून घ्या, कारण त्याच्यावरून आमच्या घरात जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही.

हिवाळ्यात आबा लाल कांदा घेऊन सोलापूर मार्केटला गेले. पन्नास किलोच्या 40 पिशव्या, म्हणजे 20 क्विंटल. संध्याकाळी पट्टी घेऊन घरी आले, तेवढ्यात पुण्याहून धाकट्या भावाचा फोन. “आबा, ॲपवर 3,500 दाखवतंय आणि तुम्ही तेराशेनं देऊन आलात? आडत्यानं फसवलं तुम्हाला.” आबा रात्री जेवले नाहीत.

मी पट्टी घेऊन बसलो. आबांच्या मालाची तीन वक्कलं पडली होती. मोठा, सुकलेला, एकसारखा कांदा 6 पिशव्या, गेला 2,100 नं. मध्यम 24 पिशव्या 1,400 नं. गोल्टी 10 पिशव्या 600 नं. बेरीज 26,100, म्हणजे क्विंटलला सरासरी 1,305. टेंपोचं भाडं, हमाली, तोलाई मिळून 2,600 गेले. हातात 23,500 आले, क्विंटलला 1,175.

आता त्याच दिवसाची बाजार समितीची ओळ बघा. तिच्यात आवक असते आणि तीन दर असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. भावानं वाचलेले 3,500 हा जास्तीत जास्त दर. तो अख्ख्या मार्केटात एखाद्या वक्कलाला मिळाला तरी तिथं छापला जातो. बहुतेक माल ज्या भावानं गेला तो सर्वसाधारण दर, आणि त्या दिवशी तो 1,400 होता. आबांचा मध्यम कांदा बरोबर त्याच भावानं गेला होता. कुणीही फसवलं नव्हतं.

ग्रुपवर फिरणारे भावाचे मेसेज नेमका तो वरचा आकडा उचलतात. त्यावर विसंबून टेंपो भरू नका. सर्वसाधारण दर धरा, त्यातून भाडं-हमाली वजा करा, गोल्टी किती निघणार ते धरा, मग ठरवा. आणि एका दिवसाचा भाव बघून उपयोग नाही. लिलाव झाल्यावर आकडे चढतात, म्हणजे तुम्ही बघता तो होऊन गेलेला बाजार. चार-पाच दिवसांची आवक आणि सर्वसाधारण दर शेजारी शेजारी वहीत लिहा. आवक रोज वाढतेय आणि दर रोज उतरतोय असं दिसलं, तर थोडं थांबता येतं का बघा. लाल कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, म्हणून हे थांबणं दिवसांचं, महिन्यांचं नव्हे.

थांबायचं की काढायचं, हे मग हवामानावर येतं. काढलेला कांदा पातीसकट रानात सुकायला तीन-चार दिवस लागतात, त्यात पाऊस पडला की माल मातीमोल. अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर 25 टक्के ठिकाणी पाऊस. अंदाज जिल्ह्याचा असतो, तुमच्या बांधाचा नाही. बार्शीत भिजवणारा पाऊस सांगोल्यात धूळसुद्धा बसवत नाही. म्हणून ‘तुरळक’ला मी काढणी थांबवत नाही, ताडपत्री बांधावर आणून ठेवतो. ‘बऱ्याच ठिकाणी’ आलं की थांबतो.

पीक सल्ला म्हणाल तर फोटो काढला की लगेच औषधाची बाटली सुचवणारी ॲप मला पटत नाहीत. ज्याला बाटली विकायची त्याच्याकडून निदान घेऊ नये. मेघदूतवर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो, तेवढा वाचा. नाहीतर 1800-180-1551 ला फोन करा, किसान कॉल सेंटर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. सल्ला वाचताना वरची तारीख बघा, कधी कधी जुनाच तिथं पडून असतो. आणि हे सगळं कांद्याचं झालं. द्राक्ष किंवा डाळिंब असेल आणि व्यापारी बागेत येऊन सौदा करत असेल, तर समितीच्या दराचा फारसा आधार मिळणार नाही.

तुमच्या घरातलं कुणी पुण्या-मुंबईत असेल तर त्यालाही ही ओळ वाचायला शिकवा. बापाला फसला म्हणायच्या आधी त्यानं पट्टी मागून घ्यावी आणि वक्कलवार भाव बघावा. माझ्या भावानं ती पट्टी अजून मागितलेली नाही.