स्कॅन खराब असेल तर आधी अनुस्वार वाचवा

प्रश्न: क्लायंटनं ७० वर्षं जुन्या मराठी नियमावलीचा फोनवर काढलेला स्कॅन पाठवलाय. हिंदीत भाषांतर करायचंय. ओसीआर करून थेट भाषांतराला बसलं तर चालेल का?

नाही, थेट बसू नका. मी इंदुरात मराठी-हिंदी भाषांतरं करतो. मागे असंच एक काम आलं होतं: इथल्या एका मंडळाची १४ पानी नियमावली, खिळ्यांची छपाई, झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिचा मोबाइल-स्कॅन. ओसीआरचा मजकूर दिसायला इतका साफ आला की मी लगेच भाषांतर सुरू केलं. एका कलमात होतं, ‘जागा विकण्याचा अधिकार विश्वस्तास राहील.’ मी ‘न्यासी को’ लिहून पुढे गेलो. नंतर मूळ पान मोठं करून पाहिलं तर शब्द निघाला ‘विश्वस्तांस’. म्हणजे सगळे विश्वस्त मिळून. एका ठिपक्यापायी एकट्याच्या हातात वाडा देऊन बसलो होतो! स्पेलचेक इथे काही करत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

ठिपका घालवला मीच. स्कॅनवर काळे कण फार होते म्हणून डाग काढायचं फिल्टर लावलं. १५० डीपीआयला अनुस्वार दोन-तीन पिक्सेलांचा असतो, झेरॉक्सचा कणही तेवढाच. फिल्टरला दोन्ही सारखेच. तेव्हापासून मी सफाई करत नाही. पान सरळ करतो, बस. आणि क्लायंटकडे फोनमधला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ स्कॅन नको, साधा रंगीत फोटो मागतो, कारण त्या फिल्टरनं उडालेलं परत आणता येत नाही.

पीडीएफमधल्या चित्राचा खरा डीपीआय खालच्या आदेशांतल्या पहिल्या ओळीनं कळतो. तो कमी निघाला तर नवा स्कॅन मागा. दुसऱ्या ओळीनं पानं ३०० ला काढल्यानं टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमला वाचायला सोपं जातं, पण नसलेला ठिपका उगवत नाही.

```
pdfimages -list niyam.pdf
pdftoppm -r 300 -gray -png niyam.pdf pan
tesseract pan-01.png pan-01 -l mar --psm 4
```

भाषा `mar` च ठेवा. आमच्याकडे सवयीनं `hin` लावतात आणि मग ‘मंडळ’, ‘वेळ’ यांतल्या ळ चे हाल होतात.

आता दुरुस्ती. अख्खा मजकूर एकदम वाचू नका, डोळे दमतात आणि मन चुकलेला शब्दही बरोबर वाचतं. मी आधी फक्त आकडे आणि नावं चित्राशी ताडतो. झिजलेल्या खिळ्यांत १ आणि ९ यांचा घोळ होतो, आणि वर्गणी ‘रु. ३-०-०’ अशी असेल (रुपये-आणे-पै) तर शून्यांचे ठिपके होऊन जातात. मग ‘रव’ शोधतो. जुन्या छपाईतला ख फुटून र-व होतो. ‘रवर्च’ लगेच दिसतो, पण ‘खाना’चा ‘रवाना’ झाला तर कुणालाच संशय येत नाही. त्यानंतर भ-म, घ-ध, ब-व.

शेवटी अनुस्वार. इथे एक गंमत आहे. १९६२ च्या नियमांआधीच्या मजकुरात ‘कांहीं’, ‘करावें’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार भरपूर असतात. ते गळले तरी हिंदीत फरक पडत नाही, त्यामागे वेळ घालवू नका. बघायचे ते ‘-ास’, ‘-ाचा’, ‘-ाला’ असे शेवट, जिथे ठिपका एकवचन-अनेकवचन ठरवतो. उलटी फसगतही होते: जुन्या लेखनात ‘वाड्यांत’ म्हणजे एकाच वाड्यात असू शकतं. तिथे ठिपका खरा असूनही ‘बाड़ों में’ लिहिलंत तर चूक. संदर्भच बघावा लागतो. ठिपका आहे की डाग, हे २०० टक्के मोठं करून बघा. अनुस्वार शिरोरेघेच्या वर आपल्या ठरलेल्या जागी असतो, डाग अक्षराच्या पोटातही पडतो. तरी ठरेना तर अंदाज करू नका, पान आणि ओळ लिहून क्लायंटला विचारा. माझ्या त्या १४ पानांत अशा सहा जागा निघाल्या. मंडळाच्या कपाटातली मूळ प्रत बघून त्यांनी पाच सोडवल्या, सहाव्या जागी कसर लागली होती. तिथे भाषांतरात ‘[अस्पष्ट]’ गेलं.

भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकण्याआधी ओळी जोडून घ्या, नाहीतर प्रत्येक छापील ओळ वेगळं वाक्य म्हणून समोर येते. वर्डमध्ये `^p^p` च्या जागी `@@`, मग `^p` च्या जागी एक स्पेस, मग `@@` च्या जागी `^p`.

आणि हे सगळं करण्याआधी मधल्या एखाद्या पानावरचे शंभर शब्द मोजून बघा. दहा-बाराहून जास्त चुकले असतील तर मी ओसीआर सोडून सरळ टाइप करतो.