इतिहासाच्या प्रकल्पाला एपीए चालेल का?

प्रश्न: "मी खानापूरची, एम.ए. इतिहास शेवटचं वर्ष. प्रकल्प १९५६ ते १९६७ च्या सीमालढ्यावर आहे. सर म्हणाले, 'संदर्भ व्यवस्थित द्या', पण पद्धत कुठली ते सांगितलं नाही. समाजशास्त्राची मैत्रीण एपीए वापरते. मीही तीच घेऊ का?"

एपीए घेऊ नका. तुमच्या विषयाला तळटिपांची पद्धत लागते. शिकागो शैलीत दोन प्रकार आहेत, त्यातला 'टीपा आणि संदर्भसूची' हा प्रकार घ्या.

मैत्रिणीचं चुकत नाही. एपीए मानसशास्त्रातून आली आणि समाजशास्त्र, शिक्षणशास्त्रातही रुळली. तिथे वाचकाला आधी हे हवं असतं की अभ्यास कुणाचा आणि किती ताजा. म्हणून वाक्याच्या शेवटी कंसात आडनाव आणि वर्ष येतं. इतिहासाचा वाचक वेगळंच विचारतो: हा कागद कुठला, कुणी लिहिला, नेमक्या कुठल्या दिवशीचा? एवढं सगळं कंसात मावत नाही.

तुमचंच उदाहरण घेऊ. राज्य पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ला अमलात आली. त्या महिन्याच्या वृत्तपत्रांतून तुम्ही पंधरा निनावी बातम्या घेतल्या असं समजा. लेखक-वर्ष पद्धतीत लेखकाच्या जागी बातमीचा मथळा किंवा वृत्तपत्राचं नाव येतं, पुढे वर्ष. वृत्तपत्राचं नाव घेतलंत तर १९५६अ, १९५६आ, १९५६इ अशी रांग लागते. २ तारखेची बातमी कुठली आणि २० ची कुठली, हे कळायला वाचकाला दर वेळी मागची सूची उघडावी लागते. लढ्याचा क्रम हाच तुमचा मुद्दा, आणि तोच पानावरून नाहीसा होतो. माझ्या पहिल्या प्रबंधात नेमकं हेच झालं. मार्गदर्शकांनी दुसरं प्रकरण परत दिलं आणि सगळे कंस तळटिपांत उतरवताना माझे तीन आठवडे गेले. कंसात वर्षाला अक्षरं जोडायची वेळ वारंवार यायला लागली, की पद्धत आपल्या साधनांना बसत नाही असं समजावं.

तळटिपेत तीच गोष्ट सरळ बसते:

१. बातमीचा मथळा, वृत्तपत्राचं नाव (बेळगाव), २ नोव्हेंबर १९५६, पृ. १.

पुढे त्याच बातमीचा उल्लेख आला तर मथळ्याचे दोन शब्द, वृत्तपत्र आणि तारीख पुरे. आपल्याकडे अशा वेळी 'तत्रैव' लिहायची सवय आहे. कच्च्या खर्ड्यात तरी ते टाळा. मध्ये एखादी नवी टीप घुसली की 'तत्रैव' भलत्याच कागदाकडे बोट दाखवतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

नावांबाबत आपल्या भागात एक खास अडचण येते. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं, कर्नाटक हे नाव १९७३ ला आलं. म्हणून संदर्भात 'महाराष्ट्र-म्हैसूर' असंच लिहा, आजचं नाव घालू नका. शहराचंही तेच. बेळगावचं बेळगावी २०१४ ला झालं, पण १८८४ च्या गॅझेटियरच्या मुखपृष्ठावर जे छापलंय तेच तुमच्या सूचीत येईल. तुमच्या स्वतःच्या मजकुरात कुठलं नाव वापरायचं हा वेगळा निर्णय आहे. तो पहिल्याच तळटिपेत एकदा सांगून टाका. गॅझेटियरची पुनर्मुद्रित प्रत वापरली असेल तर मूळ वर्ष आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष दोन्ही द्या, कारण पृष्ठक्रमांक तुमच्या हातातल्या प्रतीचे असतात. नुसतं नवं वर्ष दिलंत तर १८८४ ची माहिती आजची वाटेल.

गावातल्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या असतील तर तिथे मैत्रिणीची आणि तुमची वाट पुन्हा वेगळी होते. समाजशास्त्रात मुलाखत ही अभ्यासाची सामग्री असते, त्यामुळे बोलणाऱ्याचं नाव बहुधा झाकतात आणि सूचीत नोंद करत नाहीत. इतिहासात ती साक्ष असते. बोलणाऱ्याची संमती घेऊन नाव, गाव आणि तारीख तळटिपेत द्यायची.

मराठी किंवा इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी असता तर एमएलए सांगितली असती. तिथे कंसात आडनाव आणि पृष्ठ येतं, वर्ष येत नाही, कारण चर्चा त्या ओळीची असते. अभियांत्रिकी आणि वैद्यकात नाव-वर्षाऐवजी संदर्भाचा नुसता क्रमांक चालतो. पण एम.ए. अर्थशास्त्राची कुणी हे वाचत असेल तर तिने लेखक-वर्षच धरावं.

सगळं लिहून होईपर्यंत थांबू नका. विभागात मागच्या दोन-तीन वर्षांचे मंजूर झालेले प्रकल्प ठेवलेले असतात, त्यांतल्या तळटिपा बघा. मग स्वतःचं एकच पान तयार करा. त्यावर एक बातमी, महाजन अहवाल, गॅझेटियर आणि एक मुलाखत, अशा चार टीपा असू द्या. ते पान सरांपुढे ठेवा आणि विचारा, "सर, ही पद्धत शेवटपर्यंत चालवू का?" होकार मिळाला की त्याच पानावर तारीख घालून जपून ठेवा.