आंब्याच्या बुकिंगच्या पत्रातले दुहेरी शब्द कसे काढायचे?

प्रश्न: आमची देवगडला हापूसची बाग आहे. दर हंगामाआधी गिऱ्हाइकांना बुकिंगचं पत्र पाठवतो. मुलगी म्हणते, “बाबा, निम्मे शब्द तुम्ही दोनदा लिहिता.” नेमके कुठले काढू? पत्र असं आहे: “आमच्या सर्व आणि प्रत्येक ग्राहकांना सविनय नम्र विनंती की, बुकिंग करताना किमान कमीत कमी निम्मी रक्कम आगाऊ अ‍ॅडव्हान्स भरावी. बुकिंगची अंतिम शेवटची तारीख ३१ मार्च आहे. सर्व आणि प्रत्येक ग्राहकांना २ पेट्या मिळतील. फळे खराब निघाल्यास पेटी परत पुन्हा पाठवली जाईल.”

उत्तर: मुलगी बरोबर सांगते आहे. फक्त जोडीतला कुठलाही एक शब्द खोडून भागत नाही. कुठला ठेवायचा हे बघावं लागतं. मी रत्नागिरीत बागायतदारांना अशी पत्रं लिहून देतो आणि यात एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. ते पुढे सांगतो.

“किमान” आणि “कमीत कमी” एकच आहेत. “सविनय” म्हटलं की नम्रता आलीच. “आगाऊ अ‍ॅडव्हान्स”मधला “आगाऊ” मी काढीन. फोनवर गिऱ्हाईक “अ‍ॅडव्हान्स किती?” असंच विचारतं, आणि आगाऊ म्हटलं की आधी शेजारचा पोरगा आठवतो.

“सर्व आणि प्रत्येक” ही जोडी इंग्रजीतून आली आहे आणि मराठीत ती व्याकरणातच अडकते. “सर्व ग्राहकांना” होतं, पण “प्रत्येक”ला एकवचन लागतं: “प्रत्येक ग्राहकाला”. विनंतीच्या वाक्यात दोन्ही काढा, “ग्राहकांना विनंती” पुरे. पेट्यांच्या वाक्यात मात्र मोजणी आहे. “सर्व ग्राहकांना २ पेट्या” वाचून कुणी तिरकस माणूस विचारील, सगळ्यांत मिळून दोन का? म्हणून तिथे “प्रत्येक” ठेवायचं. आणि दोन म्हणजे दोनच की दोनपर्यंत? दोनपर्यंत असेल तर “जास्तीत जास्त” लिहा. पत्रात नसलेला हा शब्द घालायला हवा.

तारखेचंही तसंच. “अंतिम” आणि “शेवटची” दोन्ही लिहूनही ३१ तारखेला रात्री दहाला फोन येतो तो येतोच. कारण वेळ लिहिलेली नसते. एक शब्द काढा आणि त्या जागी “संध्याकाळी ६ पर्यंत” घाला.

आता “परत पुन्हा”. काही वर्षांपूर्वी एका बागायतदाराच्या पत्रात हीच जोडी होती. मी मोठ्या ऐटीत “पुन्हा” खोडलं. उरलं: “फळे खराब निघाल्यास पेटी परत पाठवली जाईल.” मेच्या मध्यात पुण्याहून एसटीच्या पार्सलने एक पेटी आली. आत साका झालेले चिरलेले आंबे, गवतासकट. गिऱ्हाइकाने वाक्य अगदी सरळ वाचलं होतं: पेटी परत पाठवायची, म्हणजे बागेकडे. चूक त्याची नव्हती. “परत” म्हणजे “पुन्हा”ही आणि “माघारी”ही. “पुन्हा”ला मात्र एकच अर्थ आहे, म्हणून जोडीत तो शब्द राखणदारासारखा उभा होता आणि मी नेमका त्यालाच काढलं. शिवाय “पाठवली जाईल” या कर्मणी वाक्यात कोण पाठवणार हेच कळत नव्हतं. तेव्हापासून मी अशा जागी दोन्ही शब्द टाळून “आम्ही दुसरी पेटी पाठवू” असं लिहितो.

तुमचं पत्र मी असं करीन:

“पेटी बुक करताना किमान निम्मी रक्कम अ‍ॅडव्हान्स भरावी, ही विनंती. बुकिंग ३१ मार्च, संध्याकाळी ६ पर्यंत. प्रत्येक ग्राहकाला जास्तीत जास्त २ पेट्या. फळे खराब निघाल्यास फोटो पाठवा, आम्ही दुसरी पेटी पाठवू.”

दुहेरी दिसणारं सगळंच काढायचं नसतं. कागदपत्रं, भाजीपाला, केरकचरा हे आता एकेकच शब्द आहेत. आणि हात मोकळा झाला म्हणून बागेच्या खरेदीखतावर पेन चालवू नका. तिथलं “तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह” पाल्हाळ वाटतं, पण निधी म्हणजे पुरलेलं धन आणि निक्षेप म्हणजे ठेव, दोन्ही वेगळे. त्यातलं काही खोडायचं असेल तर आधी वकिलांना विचारा.