‘मेक’ की ‘डू’?

*‘मुलीच्या इंग्रजी वर्कबुकात एका बाजूला मेक आणि डू, दुसऱ्या बाजूला मिस्टेक, होमवर्क, नॉइज, डॅमेज... जोड्या लावा म्हणतात. आपल्याला दोन्ही ‘करणे’च. काही नियम आहे का?’ – एक पालक, म्हापसा*

शाळेत सांगतात तो नियम असा: काही नवं निर्माण झालं तर ‘मेक’, नुसतं काम उरकलं तर ‘डू’. केक, नॉइज ‘मेक’कडे; होमवर्क, डिशेस ‘डू’कडे. इथवर ठीक. पण तुमच्याच यादीतला डॅमेज घ्या. नुकसान मागे उरतं, तरी इंग्रज ‘डू डॅमेज’ म्हणतो. उलट फोन कॉल झाल्यावर हाती काही उरत नाही, तरी तो ‘मेक’.

याचं कारण असं की अशा जोडीत सगळा अर्थ नामात असतो. क्रियापद जवळजवळ रिकामं, त्यामुळे ते कुठलं घ्यायचं हे अर्थापेक्षा वहिवाटच ठरवते. पोर्तुगीजमध्ये हा घोळ नाही. आमच्याकडचे लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेले म्हातारे जेवणालाही ‘फझेर’ हेच क्रियापद वापरतात आणि गृहपाठालाही.

मराठी याबाबतीत साधी आहे असं मात्र समजू नका. आपण दही लावतो, लोणचं घालतो, चहा ठेवतो. तिन्ही ठिकाणी पदार्थच तयार होतो, पण क्रियापदांची अदलाबदल करून बघा. ‘दही घातलं’ म्हटलं की ऐकणारा विचारणार, कशात? आणि ‘लोणचं लावलं’ म्हणजे भाकरीला फासलं. वाक्य व्याकरणाला धरून आहे, अर्थ मात्र भलताच. इंग्रजीतही ‘मेक लंच’ म्हणजे जेवण रांधणं आणि ‘डू लंच’ म्हणजे कुणासोबत बाहेर जेवायला भेटणं. हे कोणी आपल्याला शिकवलेलं नसतं. दोन शब्द इतक्यांदा एकत्र कानावर पडतात की जोडीच एक शब्द होऊन बसते. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1957 साली म्हटलं होतं, शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून.

तेव्हा मुलीला क्रियापदाकडून नव्हे, नामाकडून शिकवा. नामांचे गट पडतात. बोलून किंवा ठरवून होणाऱ्या गोष्टी बहुधा ‘मेक’कडे जातात: प्रॉमिस, सजेशन, कंप्लेंट, डिसिजन. घरकाम ‘डू’कडे: डिशेस, लाँड्री, इस्त्री. अंथरूण आवरणं हेही घरकामच, पण ते ‘मेक द बेड’. हा अपवाद पाठच करावा लागतो. मिस्टेकही तसंच, आपण ‘चूक करतो’ म्हणून मुलांच्या वह्यांत ‘डू मिस्टेक’ हमखास सापडतं.

दोन्ही याद्या एका बैठकीत घोकून घेऊ नका, सरमिसळ होते. आधी ‘मेक’चा गट वाक्यांत मुरू द्या, ‘डू’ चार दिवसांनी. आणि यादीत ‘डील’ असेल तर मुलीचं उत्तर चूक धरू नका: ‘मेक अ डील’ आणि ‘डू अ डील’, दोन्ही चालतात, उत्तरसूचीत एकच छापलेलं असलं तरी.