न मागता वाढवून मिळणारी कार्डाची मर्यादा: घ्यावी की नाही?

प्रश्न: माझ्या कार्डाची मर्यादा 60 हजार आहे. ती 1 लाख 80 हजार करून देतो, फक्त संमती द्या, असा बँकेचा मेसेज आलाय. मी मागितली नव्हती. पगार 42 हजार, कार्डावर महिन्याला साधारण 24 हजार खर्च होतो, बिल दरवेळी पूर्ण भरतो. पुढच्या वर्षी जुळे सोलापुरात फ्लॅटसाठी गृहकर्ज काढायचंय. घेऊ का?

उत्तर: आधी एक काम करा. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, बँकेचं ॲप स्वतः उघडून तिथे ही ऑफर दिसते का ते पाहा. मर्यादा वाढवून देतो म्हणून ओटीपी काढून घेणारे खूप झालेत.

ऑफर खरी असली तरी घाई नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. तुम्ही गप्प राहिलात म्हणजे होकार दिला असं होत नाही. आणि बँकेने स्वतःहून दिलेली वाढ नाकारली म्हणून सिबिल स्कोअर घसरत नाही.

आता तुमचा हिशेब बघू. स्कोअरसाठी मर्यादेच्या किती टक्के रक्कम वापरात दिसते हे पाहिलं जातं. 60 हजारांतले 24 हजार म्हणजे 40 टक्के. साधारण 30 टक्क्यांच्या आत राहावं असं सांगतात. बिल पूर्ण भरूनही हा आकडा जास्त दिसतो, कारण बँक बहुधा बिल तयार होताना असलेली किंवा त्या सुमाराची थकबाकी कळवते आणि तुम्ही पैसे त्यानंतर भरता. मर्यादा 1 लाख 80 हजार झाली की तेच 24 हजार 13 टक्क्यांवर येतात. गृहकर्जाच्या तोंडावर हा फायदा खरा आहे.

पण हाच टक्का पुढे फसवतो, आणि मी त्यात फसलो आहे. काही वर्षांपूर्वी माझी मर्यादा 80 हजारांची 2 लाख झाली. तेव्हा महिन्याचा खर्च 20 हजार होता, म्हणजे जुन्या मर्यादेच्या 25 टक्के. दिवाळीत नवी पेठेत थोडं सढळ हाताने घेतलं, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले, मग फ्रिज हप्त्यांवर. सहा महिन्यांत बिल 38 हजारांवर गेलं. टक्का मात्र 19! ॲपमध्ये सगळं हिरवंगार, स्कोअर चांगला, आणि महिन्याला 18 हजार जास्त जात होते. मला इशारा द्यायला कुणी नव्हतं, कारण मी टक्के बघत होतो, रुपये बघत नव्हतो.

हे माझ्याच मनाचं दुबळेपण नव्हे. ग्रॉस आणि सोलेल्स या अभ्यासकांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या कार्डधारकांची आकडेवारी तपासली. मर्यादा 100 डॉलरनी वाढली की कर्ज सरासरी 10 ते 14 डॉलरनी वाढत होतं. मर्यादेच्या जवळ पोचलेल्यांमध्ये हे जास्त, पण बरीच मर्यादा मोकळी असलेल्यांमध्येही दिसलं.

तुमच्या बाबतीत 1 लाख 80 हजारांचे 30 टक्के म्हणजे 54 हजार, तुमच्या पगारापेक्षा जास्त. कागदावर 'सुरक्षित' असलेलं हे बिल तुम्हाला भरताच येणार नाही. किमान रक्कम भरून उरलेल्या 51 हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला, तर महिन्याला दोन हजारांहून जास्त जातात. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदतही मिळत नाही.

तेव्हा मागच्या 12 महिन्यांची बिलं काढा. एकदा जरी फक्त किमान रक्कम भरली असेल, किंवा पैसे कमी पडले म्हणून बिलाचे हप्ते पाडले असतील, तर नाकारा. मग टक्का कमी करायला दुसरा उपाय आहे: बिल तयार होण्याच्या दोन-तीन दिवस आधी 12 हजार भरा, म्हणजे बिलात 12 हजारच दिसतील, 20 टक्के. एक पैसाही जास्त लागत नाही.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे सगळी बिलं खरंच पूर्ण भरलेली असतील, तर मी घ्या म्हणेन, पण त्याच दिवशी ॲपमधल्या कार्ड सेटिंगमध्ये व्यवहाराची मर्यादा खाली आणा. ही सोय बँकांनी द्यावी असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्येच सांगितलंय. एका व्यवहाराला 5 हजार ठेवा, परदेशी व्यवहार बंद. सिबिलकडे एकूण मर्यादाच कळवली जाते, त्यामुळे टक्क्याचा फायदा तसाच राहतो. या सोयीची मर्यादा एवढीच की ती बहुधा व्यवहारागणिक किंवा दिवसागणिक असते, महिन्याच्या बेरजेला आवर घालत नाही. ती बेरीज तुम्हालाच वहीत मांडावी लागेल.

तीन महिने फक्त बिलाचा रुपयांतला आकडा लिहा. सणाचा महिना सोडून तो 27 हजारांपुढे गेला, तर ग्राहकसेवेला लेखी कळवून मर्यादा 90 हजारांवर आणून घ्या. मात्र ते गृहकर्जाचा अर्ज करण्याच्या बरंच आधी करा आणि त्या काळात बिलाआधी भरायची सवय सोडू नका. नाहीतर टक्का नेमका कर्ज मंजुरीच्या वेळी वर उसळेल.